किंग ऑफ वाँड्सशेजारी क्वीन ऑफ पेंटॅकल्स आली, तर जोडी कशी वाचायची

टॅरो शिकायला लागल्यावर पहिल्या दोन-तीन महिन्यांत बहुतेकजण कोर्ट कार्डांपाशी अडतात. डेकमधल्या ७८ पानांपैकी ही १६ पानं माणसांची. एकेकटं आलं तर अर्थ आठवतो, पण दोन माणसं शेजारी-शेजारी येऊन बसली की गडबड होते. मग शिकणारा एका पानाचा पाठ केलेला अर्थ म्हणतो, दुसऱ्याचा म्हणतो आणि मध्ये 'आणि' घालून थांबतो. किंग ऑफ वाँड्स म्हणजे धाडसी माणूस, आणि क्वीन ऑफ पेंटॅकल्स म्हणजे घर सांभाळणारी बाई. समोरचा मान डोलावतो, पण त्याच्या हाती काहीच लागत नाही.

ही जोडी मला फार जवळची आहे, कारण नात्याबद्दलच्या प्रश्नांमध्ये ती वाचताना सर्वांत जास्त चुका होतात. ती मी कशी वाचते ते इथे क्रमाने सांगते. सगळं वर्णन रायडर-वेट-स्मिथ डेकचं आहे. आर्थर एडवर्ड वेट यांनी कल्पना मांडली, पामेला कोलमन स्मिथ यांनी चित्रं काढली आणि १९०९ मध्ये हा डेक लंडनमध्ये निघाला. आपल्याकडे क्लासमध्ये जे डेक वापरतात, त्यांतले बरेचसे याच्याच चित्रांवर बेतलेले असतात.

आधी चित्रं बघा, अर्थ नंतर

डेकमधून ही दोन पानं काढा आणि पाच मिनिटं नुसती बघा. पुस्तक बंद ठेवा.

राजा सिंहासनावर आहे, पण टेकून निवांत बसलेला नाही. आत्ता उठेल असा बसलाय. चेहरा एका बाजूला वळलेला, नजर पानाच्या चौकटीबाहेर कुठेतरी. हातातल्या काठीला पालवी फुटलेली आहे, म्हणजे ती जिवंत आहे. सिंहासनाच्या पाठीवर सिंह आणि सॅलमँडर आहेत, आणि खाली जमिनीवर एक छोटा सॅलमँडर आहे. पालीसारखा दिसणारा हा प्राणी आगीत राहतो, असं युरोपात जुन्या काळी मानायचे. म्हणून तो अग्नीचं चिन्ह. राजाच्या मागे सिंहासनाशिवाय फारसं काही नाही. त्याचं जे काही आहे ते पुढे आहे, अजून यायचंय.

राणीची मान खाली झुकलेली आहे. मांडीवर मोठं नाणं, दोन्ही हातांनी धरलेलं, आणि नजर त्याच्यावरच. डोक्यावर गुलाबांची कमान, भोवती झाडोरा, खाली कोपऱ्यात ससा, सिंहासनाच्या हातावर बकऱ्याचं डोकं कोरलेलं. वेट या पानाबद्दल लिहितात की ती आपल्या चिन्हाकडे बघतेय आणि तिला त्यात कदाचित अवघी जगं दिसत असतील. हे वाक्य लक्षात ठेवा. ही राणी नाणं दडवत नाहीये, ती ते निरखतेय. वेट यांनी तिला दिलेल्या अर्थांत समृद्धी, औदार्य, सुरक्षितता यांच्या जोडीला स्वातंत्र्यही आहे. नवशिके तो शेवटचा शब्द हमखास विसरतात आणि राणीला राजाच्या गाडीचा ब्रेक करून टाकतात.

म्हणून या जोडीतला पहिला फरक धाडस आणि भीती असा नाही. तो काळाचा आहे. राजा जे अजून झालेलं नाही त्याच्याकडे बघतो, राणी जे हातात आहे त्याच्याकडे. दोघांचंही लक्ष पूर्ण आहे, फक्त एकाच ठिकाणी नाही.

राशींबद्दल एक गोष्ट मध्येच सांगते, कारण शिकवताना हा प्रश्न दरवेळी येतो. सिंह दिसला म्हणून सिंह रास, बकरा दिसला म्हणून मकर रास, असं जोडतात. पाश्चात्त्य ज्योतिषात ते बरोबरही आहे, तिथल्या मकर राशीचं चिन्ह बकरा आहे. पण ती रास सूर्यावरून काढलेली असते, आणि आपल्याकडे 'माझी रास अमुक' म्हणणारा माणूस बहुधा चंद्ररास सांगत असतो. त्यामुळे 'तुमचे यजमान मकर राशीचे असतील' अशा वाटेला जाऊ नका.

पानं कुठल्या घरात पडली आहेत?

दोन व्यक्ती आहेत असं धरण्याआधी स्प्रेडमधली, म्हणजे पानांच्या मांडणीतली, जागा तपासा. भूतकाळ-वर्तमान-भविष्य असा तीन पानांचा स्प्रेड असेल, राजा भूतकाळात आणि राणी भविष्यात आली असेल, तर ती दोन माणसं नसण्याचीच शक्यता जास्त. एकच माणूस धडाडीच्या काळातून सावरण्याच्या काळाकडे चाललाय, असं ते वाचन होतं. प्रश्न 'मी काय करू' असा स्वतःपुरता असेल, तरी दोन्ही पानं एकाच माणसाच्या दोन बाजू असू शकतात.

जोडीदार म्हणून वाचायचं ते प्रश्न दोघांबद्दल असेल तेव्हा, किंवा 'तुम्ही' आणि 'समोरची व्यक्ती' अशी घरं ठरवलेली असतील तेव्हा.

राजा कोण, राणी कोण

इथे सर्वांत जास्त वेळ द्या. राजा म्हणजे पुरुष आणि राणी म्हणजे बाई हे समीकरण सोडून द्या. मी बघितलेल्या जोडप्यांत कित्येकदा बायको किंग ऑफ वाँड्स असते आणि नवरा क्वीन ऑफ पेंटॅकल्स. दोन स्त्रिया किंवा दोन पुरुष जोडीदार असतील तरी काही अडत नाही. ही पानं वागण्याची पद्धत सांगतात.

ओळखायचं कसं? मी थेट विचारते. घरात 'चला, करून टाकू' आधी कोण म्हणतं? आणि 'किती लागतील?' आधी कोण विचारतं? बहुतेक वेळा दुसऱ्या प्रश्नाला समोरचा हसतो आणि उत्तर तिथेच मिळतं. कधी उत्तर विषयानुसार बदलतं. तोच माणूस धंद्यात राजा असतो आणि मुलांच्या शाळेचा विषय निघाला की राणी होतो. म्हणून हे दोन प्रश्न, ज्या बाबतीत रीडिंग चाललंय, त्या बाबतीपुरतेच विचारा.

नजर कुणाकडे

राजाचा चेहरा एका बाजूला वळलेला असल्यामुळे राणी त्याच्या कोणत्या बाजूला पडली यावर चित्र बदलतं. पानं दोन्हीकडे ठेवून स्वतः बघा. एका बाजूला ठेवलं तर राजा राणीकडे बघतोय, दुसऱ्या बाजूला ठेवलं तर तिच्याकडे पाठ करून बाहेर.

राजा राणीकडे बघत असेल, तर त्याला तिच्याकडून काहीतरी हवंय. होकार असेल, भांडवल असेल, नुसती शाबासकीही असेल. पाठ असेल, तर त्याने ठरवलंय आणि तो निघालाय. राणीची नजर मात्र दोन्ही वेळा नाण्यावरच राहते. मांडणी कशीही असली तरी ती मान वर करत नाही, म्हणून तिच्यापर्यंत पोचायचं असेल तर बोलणं त्या नाण्याबद्दलचं असावं लागतं. राजा स्वप्न सांगत राहिला तर तिला ऐकू येतं, दिसत नाही. रक्कम, तारीख, जागा, कोण काय करणार, हे सांगितलं की दिसायला लागतं.

मधलं पान

आता या जोडीची खरी किल्ली. लंडनमध्ये १८८८ साली सुरू झालेल्या गोल्डन डॉन या गूढविद्येच्या मंडळात, ज्याचे वेट आणि स्मिथ दोघेही सभासद होते, पानांचं बळ तत्त्वांवरून मोजायची पद्धत होती. वाँड्स म्हणजे अग्नी, कप्स म्हणजे पाणी, स्वॉर्ड्स म्हणजे वारा, पेंटॅकल्स म्हणजे माती. अग्नी आणि पाणी एकमेकांना कमजोर करतात, तसंच वारा आणि माती. अग्नी आणि माती मात्र शत्रू नाहीत. ही दोन तत्त्वं एकमेकांना फार बळ देत नाहीत आणि फार तोडतही नाहीत. आपल्या चुलीचं उदाहरण घ्या, जाळ मातीच्या चुलीतच राहतो.

म्हणून 'तुमचं जमणार नाही, अग्नी आणि पृथ्वी विरुद्ध आहेत' हे वाक्य या पद्धतीने चुकीचं आहे. जमेल की नाही ते तिसरं पान सांगतं.

सरावासाठी राजा आणि राणी टेबलावर ठेवा, उरलेली ७६ पानं पिसा आणि एक पान काढून दोघांच्या मध्ये ठेवा. मधल्या पानाचा अर्थ लगेच वाचू नका. आधी ते कुणाला बळ देतंय ते बघा.

स्वॉर्ड्स आलं तर वारा आला. वारा आगीला फुलवतो आणि माती उडवून नेतो. दोघांत जे बोलणं किंवा वाद चाललाय, तो राजाच्या बाजूने झुकलेला आहे. राणी वादात हरतेय, पण तिचं म्हणणं चुकीचं आहे असा याचा अर्थ नाही. तिच्याकडे शब्द कमी पडताहेत.

कप्स आलं तर उलट. पाणी मातीत मुरतं आणि आग विझवतं. टू ऑफ कप्स आलं की नवशिका खुश होतो, प्रेमाचं पान म्हणून. प्रेम आहेच, तो अर्थ रद्द होत नाही. पण या दोघांच्या मध्ये ते पान राणीला पोसतं आणि राजाला थंड करतं. नातं गोड राहील, त्यासाठी राजा आपला बेत बाजूला ठेवील, आणि ते कधी बोलून दाखवणार नाही. असं दिसलं तर मी राजाला नक्की विचारते, तुम्ही काय सोडून दिलंत?

वाँड्स आलं तर वेग सगळा राजाचा. एट ऑफ वाँड्ससारखं पान असेल तर राणीला विचार करायलाही वेळ मिळालेला नसतो. पेंटॅकल्स आलं तर सूत्रं राणीकडे आहेत. फोर ऑफ पेंटॅकल्स आलं तर तिथला माणूस नाणं छातीशी कवटाळून बसलेला असतो, आणि मग राणीचं निरखणं धरून ठेवण्याकडे झुकलंय का हे विचारावं लागतं. मेजर अर्कानाचं, म्हणजे या चार गटांबाहेरचं मोठं पान आलं तर मी सुरुवातीला बळाचा हिशोब सोडून द्यायला सांगते. तिथे दोघांच्या स्वभावापेक्षा मोठं काहीतरी मध्ये आहे, आजारपण, स्थलांतर, घरातल्या वडीलधाऱ्यांचा निर्णय असं काही, आणि दोघांनाही त्याच्याशी जुळवून घ्यायचंय.

उलटी पानं

उलटी पानं वाचत नसाल तर हा भाग सोडा, काही बिघडत नाही. वाचत असाल तर एवढंच बघा. उलट्या राजासाठी वेट यांनी दिलेला अर्थ वाईट नाही, चांगला पण कडक असा आहे. म्हणजे आग विझलेली नाही, ती शिस्तीत अडकलीय. बेत त्याचाच, पण आता नियम लावून दुसऱ्यावर लादलेला. उलट्या राणीसाठी संशय, भीती, अविश्वास हे शब्द आहेत. राजा सुलट आणि राणी उलटी आली तर तिला बेताची भीती आहे असं घाईने म्हणू नका. पुष्कळदा तिला हिशोबात धरलेलंच नसतं आणि तिचा संशय तिथून आलेला असतो. दोन्ही उलटी आली तर वाईट भाकीत करण्याऐवजी आणखी एक पान काढा.

एक रीडिंग, सुरुवातीपासून

पुण्यातल्या एका बाईंचं उदाहरण देते. ओळख पटेल असं सगळं बदललंय. त्या पोळी-भाजी केंद्र चालवतात, आणि त्यांना दुसऱ्या भागात आणखी एक गाळा घ्यायचा होता. प्रश्न होता, 'यात ह्यांची साथ मिळेल का?' मी तीन पानं काढली. किंग ऑफ वाँड्स, मध्ये सेव्हन ऑफ स्वॉर्ड्स, आणि क्वीन ऑफ पेंटॅकल्स.

पानं बघताच त्या म्हणाल्या, "हा राजा म्हणजे हे, आणि हातात पैसे धरून बसलेली मी. आणि मधला चोर दिसतोय बघा, हे माझ्यापासून काहीतरी लपवतायत." सेव्हन ऑफ स्वॉर्ड्समध्ये एक माणूस पाच तलवारी उचलून चोरपावलांनी निघालाय आणि दोन मागे जमिनीत रोवलेल्या आहेत. त्यामुळे लपवाछपवी हा अर्थ बरोबरच होता. पण कोणाची?

मी माझे दोन प्रश्न विचारले. 'करून टाकू' कोण म्हणतं? त्याच म्हणाल्या, मी. 'किती लागतील' कोण विचारतं? तर नवरा. तो नोकरी करतो आणि रात्री बसून केंद्राचा हिशोब वहीत उतरवतो. म्हणजे राजा त्या स्वतः, आणि नाण्याकडे बघणारी राणी म्हणजे त्यांचा नवरा.

मग मधलं पान. स्वॉर्ड्स, म्हणजे वारा, म्हणजे राजाला बळ. लपवाछपवीचा फायदा ज्याला होतोय तो राजा आहे, म्हणून मी आधी राजाच्या बाजूला शोधायचं ठरवलं. आरोप केला नाही. विचारलं, "ताई, या गाळ्याबद्दल असं काही आहे का, जे तुम्ही अजून घरी बोलला नाहीत?" त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, गाळेमालकाला त्यांनी तोंडी हो म्हटलं होतं, आणि गाळा अडकवून ठेवायला थोडे पैसेही दिले होते. नवऱ्याला माहीत नव्हतं.

इथे नवशिक्याने काय टाळावं ते सांगते. पानाने चोरी पकडली असं मिरवू नये. पानाने फक्त कुठे विचारायचं ती जागा दाखवली. त्यांनी नाही म्हटलं असतं तर मी तेच पान दुसऱ्या बाजूने वाचलं असतं, किंवा ज्या दोन तलवारी मागे राहिल्यात त्यांच्याबद्दल विचारलं असतं, की या बेतात कोणती गोष्ट मागे राहतेय?

शेवटी 'पुढे काय' म्हणून एक पान खाली काढलं. थ्री ऑफ पेंटॅकल्स. एक कारागीर कामाच्या बाकावर उभा आहे आणि समोरचे दोघं हातात नकाशा घेऊन त्याच्याशी बोलताहेत. हे पान राणीच्या तत्त्वाचं, म्हणून बोलणं तिच्या भाषेत व्हायला हवं. मी सांगितलं, आधी दिलेल्या पैशांचं सांगा, आणि मग स्वप्न न सांगता कागद पुढे ठेवा. अनामत किती, भाडं किती, किती महिने तोटा सोसता येईल, पहाटे तिथला तवा कोण सांभाळणार. गाळा घ्या किंवा घेऊ नका हे मी सांगितलं नाही. या जोडीतून ते उत्तर निघत नाही, आणि करारमदाराचा सल्ला टॅरोवाल्याने देऊ नये.

त्याच रीडिंगमध्ये त्यांनी राणीच्या पानावरच्या सशाकडे बोट दाखवून विचारलं होतं, हा सुफलतेचा ससा ना, म्हणजे सुनेकडे काही गोड बातमी? पुस्तकांमध्ये तो अर्थ असतो खरा. पण प्रश्न गाळ्याचा होता, आणि पानातलं एखादं चिन्ह उचलून दुसऱ्याच माणसाच्या आयुष्यावर लावायचं नसतं. मी नाही म्हटलं.

दोनेक आठवड्यांनी त्यांचा फोन आला. नवरा चिडला होता आणि दोन दिवस बोलला नव्हता. तिसऱ्या दिवशी त्याने वही काढली आणि विचारलं, "पहिले चार महिने गिऱ्हाईक आलंच नाही तर?" त्यांच्याकडे उत्तर तयार नव्हतं. त्या आता ते काढत होत्या.